जाहीर शुभेच्छा आणि खासगी मजकूर

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून नया नगरच्या दिशेने चालू लागलेल्या परक्या मनुष्याची, तो हैदरी चौकापर्यंत पोहोचण्याच्या आतच, या वस्तीत दर पंधरवड्यास एखादा तरी युगपुरुष जन्म घेत असावा अशी खात्री पटावी, इतकी सामग्री रस्त्याच्या दुतर्फा टांगलेली असते. काळा चष्मा लावलेला, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतला आणि कोणाशी तरी फोनवर अत्यंत महत्त्वाचे बोलत असलेला एक पुरुष मध्यभागी. त्याच्या मस्तकी त्याच्याहून मोठ्या पुढाऱ्यांची दोन-चार मुखकमले. आणि पायाशी, पासपोर्टच्या आकाराच्या फोटोंतून, ‘शुभेच्छुक’ या सदराखाली रांगेने मांडलेली तरुण मंडळी, अशी या फलकाची ठरीव रचना आहे. मराठी, हिंदी आणि उर्दू या तिन्ही भाषांत या पुरुषास दीर्घायुष्य चिंतिलेले असते. फलक बारकाईने वाचणाऱ्यास मात्र असे दिसून येईल, की सर्वांत अधिक विचार वाढदिवस कोणाचा यावर झालेला नसून, खालच्या रांगेत कोणाचा फोटो कोणाच्या डावीकडे यावा यावर झालेला आहे.

फलक लावण्यास पैसा लागतो, चौक लागतो आणि महानगरपालिकेची गाडी येऊन तो उतरवून नेईपर्यंतच त्याची मुदत असते. त्यामुळे सामान्य गृहस्थास आपल्या मित्राचे माहात्म्य जाहीर करण्याची सोय पूर्वी नव्हती. ती आता फोनने करून दिली आहे. मित्राचा वाढदिवस आला, की त्याचे आणि आपले एकत्र असे छायाचित्र शोधावे, ज्यात आपण बरे दिसतो ते पसंत करावे (त्याचे डोळे मिटलेले असले तरी हरकत नाही), आणि त्याखाली चार ओळींचा मजकूर घालून तो जगापुढे ठेवावा, हा शिष्टाचार आता इतका रूढ झाला आहे, की तो न पाळणाऱ्यास मित्राच्या नव्हे तरी मित्राच्या मित्रांच्या नजरेस उत्तर द्यावे लागते. या मजकुरास कॅप्शन म्हणतात. कॅप्शनची पहिली विलक्षण गोष्ट ही, की ते मित्रास उद्देशून, अगदी ‘तू’ म्हणून लिहिलेले असते. आणि तो मित्र बहुधा समोरच्याच विंगमध्ये, खिडकीतून हाक मारली तर ‘ओ’ देईल इतक्या अंतरावर, चहा पीत बसलेला असतो. ज्याच्याशी बोलायचे त्याच्याकडे पाठ करावी, जमलेल्या मंडळींकडे तोंड करावे, आणि पाठीमागच्यास ऐकू जाईल अशा आवाजात ‘तू माझ्यासाठी काय आहेस हे शब्दांत सांगता येणार नाही’ असे मंडळींना सांगावे, असा हा प्रकार आहे.

यास आजच्या पिढीचा उथळपणा म्हणून नाक मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांनी मानपत्र ही संस्था आठवून पाहावी. एखाद्या गृहस्थाची साठी झाली, की समिती नेमून, वर्गणी जमवून, सभागृह घेऊन, एक विद्वान शिक्षक गाठून त्याजकडून संस्कृतप्रचुर मजकूर लिहवून घ्यावयाचा, तो सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीत छापावयाचा, आणि सत्कारमूर्तीस समोरच्या खुर्चीत बसवून त्यास त्याचेच गुण मोठ्याने वाचून दाखवावयाचे, हा विधी महाराष्ट्रात गावोगाव झालेला आहे. मानपत्रही ‘आपण’ असे संबोधून सत्कारमूर्तीस उद्देशूनच लिहिलेले असे. आणि तेही सत्कारमूर्तीस काही नवे कळावे म्हणून वाचले जात नसे. आपला स्वभाव मनमिळाऊ असल्याचे त्या गृहस्थास मानपत्राअगोदर ठाऊक नव्हते असे नाही. ते त्याच्या घरच्यांना मात्र बहुधा त्या सभेतच प्रथम कळत असे. फरक एवढाच, की मानपत्र साठ वर्षांतून एकदा मिळे आणि चांदीच्या करंडकात घालून मिळे, तर कॅप्शन दरसाल मिळते आणि स्टेटसवर टाकलेले असेल तर चोवीस तासांनी आपोआप रद्दबातल होते.

जाहीर वाढदिवस आणि मनातले मत यांच्यातील अंतराचा सर्वांत प्रांजळ दाखला मला लोकमान्य टिळकांच्या साठीत सापडतो. 23 जुलै 1916 रोजी टिळकांना साठ वर्षे पूर्ण झाली; पुण्यास समारंभ झाला, मानपत्रे झाली आणि मित्र-अनुयायांनी जमविलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली, जी त्यांनी स्वतःकरिता न ठेवता राष्ट्रकार्यास दिली. याच समारंभाच्या धामधुमीत सरकारनेही आपला मजकूर पाठविला. बेळगाव व अहमदनगर येथील आपल्या भाषणांबद्दल एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन आपणांकडून का घेऊ नयेत, अशी ती नोटीस होती. पुढे बॅरिस्टर जिनांनी वकीलपत्र घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हायकोर्टाने हुकूम रद्द केला, तो इतिहास निराळा. मला कौतुक वाटते ते या गोष्टीचे, की त्या दिवशी पुण्यात दाखल झालेल्या साऱ्या मजकुरांमध्ये लिहिणाऱ्याचे मन जसेच्या तसे उतरले होते असे निःसंशय म्हणता येईल, ते सरकारच्या मजकुरात. बाकीच्यांचे प्रेम खरे होते यात शंका नाही. पण ते प्रेम छापण्याजोगे होण्याकरिता त्यास भरजरी अंगरखा घालावा लागला होता. सरकारास टिळकांचे मन राखावयाचे नव्हते, म्हणून त्यास साधे लिहिता आले.

आता आमच्या नया नगरचा मामला पाहू, आणि त्याकरिता 1 जून हाच दिवस घेऊ. फेसबुकावर ज्याचे स्नेही चार माणसांहून अधिक आहेत अशा कोणाही मराठी माणसास ठाऊक असते, की 1 जूनच्या पहाटे फोन उघडावा तो वाढदिवसांची रीघ लागलेली असते. मामा, निवृत्त तलाठी, शाळेतले तीन वर्गबंधू, गावचे सरपंच आणि एक व्याही, हे सारे एकाच दिवशी जन्मलेले. याचे कारण ग्रहमानात नसून हेडमास्तरांत आहे. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा 1969 साली झाला. पण कायदा होणे आणि खेड्यातल्या बाळंतिणीच्या घरून ग्रामपंचायतीत कोणी नोंद द्यावयास जाणे, यांत पुष्कळ वर्षांचे अंतर पडले. पोर शाळेत आणले जाई तेव्हा आईस जन्माची तिथी, सण किंवा पावसाची आठवण असे, तारीख नसे. मग मास्तर पोरास उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. कान हातास लागला तर वय झाले. शाळा जूनमध्ये उघडत असल्याने, भरतीस लागणारे वय तंतोतंत पुरे व्हावे अशा बेताने मागे मोजून मास्तर दाखल्यावर 1 जून ही तारीख घालीत आणि पुढच्या पोरास हाक मारीत. या एका लेखणीचा प्रताप पुढे इतका दूरवर पोहोचला, की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो या नियमान्वये, दरवर्षी 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांना हार पुरेनासे होतात.

माझा मित्र हा अशा 1 जूनकरांपैकी एक. तो मूळचा खेड तालुक्यातला कोकणी मुसलमान. वडील मुंबईस डोंगरीत बिऱ्हाड करून होते, आणि जागा अपुरी पडू लागल्यावर हे कुटुंब, त्या भागातल्या अनेकांप्रमाणे, मीरा रोडला आले. आम्ही एकाच सोसायटीत राहतो. पण आमचा स्नेह सोसायटीत जमलेला नसून चर्चगेटच्या गाडीत जमला. विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला चढणे हे ज्यांनी केले आहे त्यांस या स्नेहाची प्रत निराळी सांगावयास नको. पुढे बसून जाता यावे म्हणून आम्ही सकाळी उलट्या दिशेने भाईंदरास जाऊन तेथूनच सुटणारी गाडी पकडू लागलो, आणि तिघांच्या बाकावर चौथ्याने जी काय अर्धी मांडी टेकावयाची असते ती आम्ही एकमेकांकरिता राखू लागलो. त्याच्या आईंना, ज्यांना सारी इमारत खाला म्हणते, त्याचा जन्म बकरी ईदच्या चौथ्या दिवशी झाल्याचे पक्के आठवते. वर्ष कोणते यावर घरात मतभेद आहेत, दिवसाबद्दल नाहीत.

परिणामी त्यास दोन वाढदिवस आहेत. एक मास्तरांनी दिलेला, जो आधार कार्डावर, पॅन कार्डावर, बँकेत आणि फेसबुकात नोंदलेला असून कायम 1 जूनला जागचा हलत नाही. आणि दुसरा आईने दिलेला, जो हिजरी सनाप्रमाणे दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत, उन्हाळा, हिवाळा, पावसाळा अशी सारी वर्षप्रदक्षिणा तेहतीसेक वर्षांत पुरी करतो. आमच्या घरी हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. माझी आईही माझे औक्षण तिथीने करी आणि तारखेच्या दिवशी नुसता शिरा करी. फक्त आमची तिथी अधिक मासाच्या लगामामुळे फार लांब भटकत नाही आणि दर एकोणीस वर्षांनी तारखेस बहुधा भेटून जाते. फोनाला आईने दिलेला दिवस ठाऊक नसतो. तो ज्यांना ठाऊक असतो ती माणसे मोजकी असतात, आणि त्या दिवशी ती कॅप्शन लिहीत नाहीत. खाला शीरखुर्म्याची वाटी वर पाठवितात, मी खाली जातो, आणि आम्ही दोघे रेल्वेच्या वेळापत्रकास नावे ठेवीत बसतो.

तथापि 1 जून टळत नाही. गेल्या खेपेस आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर सकाळपासून पुष्पगुच्छांचा पाऊस पडू लागला. सेक्रेटरींनी, ज्यांचे आणि त्याचे पार्किंगवरून दोन वर्षे बोलणे नाही, त्यांनीच पहिला मान पटकावून ‘आपल्या सोसायटीचे भूषण’ असा मजकूर टाकला. (पार्किंगची तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही.) ट्रेनमधल्या मंडळींनी ‘भावा’, ‘वाघ’, ‘दिलदार मनाचा राजा माणूस’ या दर्जाच्या पदव्या बहाल केल्या. त्याच्या धाकट्या मेव्हण्याने ‘अल्लाह उम्रदराज करे’ असे लिहून खाली केकाची चित्रे ओळीने मांडली. आणि वहिनींनी मला फोन करून, ‘तुम्ही अजून काहीच कसं नाही टाकलंत?’ असे विचारले. हा प्रश्न वरवर सौजन्याचा असला तरी त्यात एक तगादा होता, आणि मी मसुदा करावयास बसलो.

मसुदा करू लागल्यावर प्रथम ध्यानात येते ते असे, की कॅप्शनचा वाचक एक नसून तीन असतात. पहिला मित्र. दुसरा मित्राचे बाकीचे मित्र, जे आपला मजकूर स्वतःच्या मजकुराशी ताडून पाहतात आणि लांबी मोजतात. तिसरा, ज्याचा मित्राशी काही संबंध नाही असा, आपल्या नातलगांपासून कचेरीतल्या वरिष्ठांपर्यंतचा सारा लोक, ज्याला या मजकुरावरून मित्र कसा आहे हे समजावयाचे नसून आपण किती स्नेहाळ आहोत हे समजावयाचे असते. इन्स्टाग्रामवर मजकुरास बावीसशे अक्षरांची मर्यादा आहे. पण पडद्यावर प्रथमदर्शनी जेमतेम दोन ओळी दिसतात आणि पुढचे ‘आणखी’ यावर बोट ठेवील त्यालाच उघडते. त्यामुळे अनुभवी लेखक दुसऱ्या व तिसऱ्या वाचकाकरिता पहिल्या दोन ओळी लिहितात आणि मित्राकरिता, उरलेच तर, पुढले लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसमध्ये तर कोणी कोणी पाहिले याची यादीच लिहिणाऱ्यास मिळते. आणि मी असे सज्जन पाहिले आहेत, जे मित्राला शुभेच्छा पोचल्या की नाही याची चौकशी न करता, ती यादी दर तासाला बारनिशीच्या दक्षतेने तपासतात आणि अमुक एका माणसाने अजून पाहिले कसे नाही या चिंतेत जेवतात.

माझ्या मनातला पहिला मसुदा असा होता. ‘तुझे वडील आजारी असताना आपण दोघे रात्रभर इस्पितळाच्या जिन्यावर बसलो होतो आणि तू मला पहाटे घरी घालवून दिलेस, कारण माझी सातची गाडी होती.’ हे वाक्य लिहिले मात्र, तोच खाला ते वाचतील हे ध्यानात आले. त्यांच्या नवऱ्याचा आजार हा अनोळखी माणसांनी अंगठा दाखवून पसंत करण्याचा विषय नव्हे. वाक्य खोडले. दुसरे वाक्य होते, ‘मला नोकरी नव्हती त्या महिन्यांत माझ्या मुलाची फी तू भरलीस आणि पुन्हा विषय काढला नाहीस.’ ज्याने विषय काढला नाही त्याच्या वाढदिवशी तो विषय चव्हाट्यावर काढणे म्हणजे त्याच्या मौनाचा अपमान. शिवाय माझ्या मुलाचे सारे मित्र ते वाचणार. वाक्य खोडले. तिसरे होते, ‘साहेबाच्या तोंडावर तू जे बोललास ते ऐकून मला तुझा हेवा वाटला.’ त्याचे ते साहेबही त्याच्या यादीत आहेत, आणि सकाळीच त्यांनी फुलांचे चित्र पाठवून ठेवले आहे. खोडले. चौथे त्याच्या आणि त्याच्या भावाच्या जमिनीसंबंधी होते. ते तर लिहून पुरे होण्याच्या आत खोडले. पाचवे वाक्य निव्वळ शिवी होती, कारण आम्ही दोघे एकमेकांना फोनवर दुसऱ्या नावाने हाक मारीतच नाही. पण जी शिवी एकांतात आलिंगन असते ती चारचौघांत फिर्याद होते.

या खाडाखोडीनंतर कागदावर जे शिल्लक राहिले ते पाहिले, तो ‘तुझ्यासारखा मित्र लाभणे हे भाग्य’ एवढेच होते. म्हणजे सेक्रेटरींच्या ‘भूषणा’त आणि माझ्या मजकुरात काही अंतर उरले नव्हते. ज्याला काही ठाऊक नाही त्याला लिहावयास काही नसते, आणि ज्याला सारे ठाऊक आहे त्याला लिहिता येण्याजोगे काही उरत नाही. म्हणून अत्यंत दूरचा परिचित आणि अत्यंत जवळचा स्नेही हे दोघे, निरनिराळ्या वाटांनी चालत येऊन, अखेर ‘दिलदार व्यक्तिमत्त्व’ याच मुक्कामावर भेटतात. जाहीर मजकूर वाचून जवळीक मोजू पाहणाऱ्यांची जी नेहमी फसगत होते, तिचे मूळ येथे आहे. प्रेम कमी असल्याने कॅप्शन पोकळ होते असे नाही. पुष्कळदा प्रेमाने आपले सामान आधीच हलविलेले असते.

तेव्हा कॅप्शन अस्सल की नक्कल हे ओळखण्याकरिता मी दोन कसोट्या ठरविल्या आहेत. पहिली कसोटी अदलाबदलीची. मजकुरातले नाव काढून तेथे यादीतल्या दुसऱ्या कोणाचे नाव घालावे, आणि तो मजकूर त्यालाही बिनबोभाट बसला तर तो मित्राचा नसून दुकानात टांगलेला तयार सदरा आहे असे समजावे. ‘सुखदुःखात साथ देणारा’, ‘चेहऱ्यावर कायम हास्य’, ‘माणसे जोडणारा माणूस’ ही सारी विशेषणे या कसोटीस तत्काळ नापास होतात. दुसरी कसोटी अधिक कठोर असून तिला मी हयातीचा दाखला म्हणतो. पेन्शनरास दरवर्षी नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असे सिद्ध करावे लागते, तसे कॅप्शननेही सिद्ध करावे. मजकुरातली शुभेच्छांची ओळ झाकावी आणि उरलेला मजकूर श्रद्धांजली म्हणून वाचून पाहावा. ‘तुझ्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही. तुझ्या आठवणी सदैव सोबत राहतील. तू आम्हाला जे दिलेस त्याचे ऋण फिटणार नाही.’ यात एक अक्षरही न बदलता तो मजकूर वर्तमानपत्राच्या दुसऱ्या प्रकारच्या स्तंभात जाऊ शकतो. मित्राच्या एका ट्रेनमधल्या स्नेह्याने तर, मजकुरास साजेसे म्हणून, जुन्या धर्तीचे करडे छायाचित्र जोडले होते. त्याखाली गावाकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी हात जोडल्याचे चिन्ह टाकून ‘फार वाईट झाले’ असे लिहिले, आणि तासाभरात खेडहून दोन फोन आले. मित्राने त्यांना स्वतः उत्तर दिले, तेव्हा कोठे त्यांची खातरजमा झाली.

या दोन्ही कसोट्यांना एकच जातीचे वाक्य उतरते, आणि ते म्हणजे अशी गोष्ट, जी फक्त त्याच माणसास आणि तो जिवंत असेतोवरच म्हणता येईल. मृतास दोष देत नाहीत आणि परक्यास येणे मागत नाहीत. म्हणजे ज्या वाक्यात किरकोळ दोष किंवा किरकोळ येणे आहे, ते अदलाबदलीसही टिकते आणि हयातीसही. अट एवढीच, की तो दोष खरोखर किरकोळ असावा आणि तो चारचौघांत सांगितल्याने कोणाचे गुपित, पैसा किंवा आजार उघडा पडू नये. उशिरा येणे, घोरणे, चहात साखर अधिक घालणे, वरातीत वेडेवाकडे नाचणे, उधार नेलेली वस्तू परत न करणे, एवढा मुलूख जाहीर लेखनाकरिता मोकळा आहे. त्यापलीकडे खासगी हद्द सुरू होते आणि तेथे कॅप्शनने पाऊल टाकू नये.

योगायोगाने 1 जून हा केरळात पाऊस दाखल होण्याचाही नेमाचा दिवस. मुंबईकडे तो यावयास नेमाने आणखी दहा दिवस असले तरी नया नगरच्या गटारांची साफसफाई सुरू झाली होती, आणि मला माझ्या छत्रीची आठवण झाली. ती लाकडी दांड्याची काळी छत्री मित्राने आदल्या पावसाळ्यात माझ्या दारातून नेली होती. मी आमच्या दोघांचा भाईंदर स्थानकावरचा एक फोटो काढून त्याखाली एवढेच लिहिले, ‘माझी छत्री परत कर. उदंड जग, म्हणजे पुढच्या पावसाळ्यातही मागता येईल.’ वहिनींनी वाचून ‘हे काय लिहिलंत?’ असे विचारले. त्यांच्या मते दिवसभरात आलेल्या मजकुरांत हा सर्वांत कोरडा होता. खालांना मात्र वाचून दाखविल्यावर त्या हसल्या, आणि आपल्याही दोन थाळ्या कोणाकडे गेल्या आहेत याची त्यांना आठवण झाली.

अपेक्षेहून निराळे घडले ते त्यापुढे. दुपारपर्यंत सोसायटीतल्या आणखी चौघांनी माझ्या मजकुराखाली आपापले दावे दाखल केले. एकाचा ड्रिल, एकाची शिडी, तिसऱ्याचा गाडीचा जॅक, आणि चौथ्याचे एक पुस्तक, ज्याचे नाव त्याला स्वतःलाच आठवेना. सेक्रेटरींनी प्रथमच मनापासून लिहिले. ते पार्किंगसंबंधी होते. भूषण, वाघ आणि राजा या पदव्यांखाली जो माणूस सकाळपासून कोठे दिसतच नव्हता, तो या तक्रारींतून हळूहळू हातपाय धरू लागला. शिडी नेणारा, जॅक विसरणारा, आणि तरीही ज्याला कोणी वस्तू नाकारीत नाही असा.

संध्याकाळी त्याने सर्वांस एकत्रित आभाराचा मजकूर टाकला, नेहमीच्या नमुन्याचा, ‘आपण दिलेल्या प्रेमाबद्दल ऋणी आहे’ असा. आणि मग माझ्या दाव्याखाली, सर्वांस दिसेल असे, स्वतंत्र उत्तर दिले. सदर छत्री मूळची त्याचीच असून ती मी त्याच्याकडून त्यापूर्वीच्या पावसाळ्यात नेली होती. त्याने ती चोरलेली नसून जप्त केली आहे. आणि दांड्यावर आतल्या बाजूस त्याच्या वडिलांचे नाव कोरलेले आहे, ते येऊन पाहून जावे. मी गेलो. नाव होते. त्यावर मी, ती मला पावसाळ्यापुरती भाड्याने मिळावी असा तोंडी अर्ज केला आहे, आणि त्याचा निकाल, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, यंदाच्या बकरी ईदच्या चौथ्या दिवशी लागावयाचा आहे.